आठ ठिपके : एका शाळेच्या अभ्यासातून किती बोलता येतं

तिला वीस शाळा हव्या होत्या. पत्रं बारा शाळांना गेली, उत्तरं तीन आली आणि वर्षभर येऊन बसायला होकार दिला तो एकाच शाळेनं. तोही मुख्याध्यापिका तिच्या ओळखीच्या होत्या म्हणून. माझी ही विद्यार्थिनी चेहरा पाडूनच खोलीत आली आणि म्हणाली, "मॅडम, एका शाळेवर कसला प्रबंध होणार? व्हायवात पहिलाच प्रश्न येईल, हे बाकीच्या शाळांना कशावरून लागू?"

प्रश्न रास्त होता. पुढची दोन वर्षं आम्ही त्याच प्रश्नाच्या अवतीभवती फिरत राहिलो. त्या अभ्यासाची ही हकीकत तिच्या परवानगीनं लिहिते आहे. शाळेची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत.

शाळेची गोष्ट थोडक्यात अशी. सहावीपर्यंत मुलांच्या तुकड्या गुणांप्रमाणे पाडायच्या. सर्वांत जास्त गुणांची मुलं अ मध्ये, सर्वांत कमी गुणांची ड मध्ये. मग नव्या मुख्याध्यापिकांनी ही पद्धत बंद केली. मुलं सातवीत गेली तेव्हा चारही तुकड्या मिसळल्या. माझी विद्यार्थिनी शाळेत पोचली तेव्हा ती मुलं आठवीत होती. स्टाफरूममध्ये तिला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळालं, "मिसळल्यापासून वर्ग शांत झालेत बघा. भांडणं नाहीत, ड तुकडी नाही, काही नाही."

तिच्या आराखड्यातला मूळ प्रश्न होता, "मिश्र तुकड्यांचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम." वीस शाळांच्या हिशोबानं लिहिलेला हा प्रश्न तिनं तसाच एका शाळेवर ठेवला होता. केस स्टडीत, म्हणजे एकच ठिकाण किंवा घटना खोलवर पाहणाऱ्या अभ्यासात, सर्वांत आधी चुकते ती ही जागा. परिणाम मोजायचा तर मिसळलेल्या आणि न मिसळलेल्या अशा बऱ्याच शाळा लागतात, निदान आधीची आणि नंतरची मोजमापं तरी लागतात. तिच्याकडे आधीचं काहीच नव्हतं. सहावीची स्थिती सांगणारी होती ती फक्त माणसांची आठवण आणि काही जुने कागद. अशा वेळी एक शाळा म्हणजे नमुनासंख्या एक असलेलं सर्वेक्षण, आणि त्याहून दुबळं सर्वेक्षण असूच शकत नाही.

म्हणून प्रश्नच बदलला. "तुकड्या मिसळल्यानंतर या शाळेत शिक्षक वर्गातल्या मुलांमध्ये फरक कसा करतात, आणि मुलांना तो कसा कळतो?" कसं आणि का या अंगाचा प्रश्न, आत्ता चालू असलेली घटना, आणि अभ्यासकाच्या हातात घटनेचं कसलंच नियंत्रण नाही. संशोधनपद्धतीवर लिहिणारे रॉबर्ट यिन केस स्टडीसाठी जी परिस्थिती योग्य मानतात ती साधारण हीच. असा प्रश्न वीस शाळांत प्रश्नावली वाटून सुटला नसता. "तुम्ही मुलांमध्ये फरक करता का?" याला कोणता शिक्षक हो म्हणेल?

पुढचा घोळ सीमेचा. केस म्हणजे नक्की काय? शाळा, आठवी इयत्ता, एक तुकडी की तुकड्या मिसळण्याचा निर्णय? तिनं सुरुवातीला बारा मुलं निवडून त्यांच्या मुलाखती घेण्याचं ठरवलं होतं. मी तिला विचारलं, "अगं, मग तुझी केस शाळा आहे की ही बारा मुलं?" आठवीत १६२ मुलं होती. त्यांतल्या बारांच्या मुलाखतींवरून शाळेबद्दल लिहायचं, म्हणजे केस स्टडी या नावाखाली अगदी लहान आणि वाईट नमुन्याचं सर्वेक्षण करायचं. शेवटी ठरलं ते असं : केस म्हणजे ही शाळा, आतली उपएककं म्हणजे आठवीच्या दोन तुकड्या, आणि निरीक्षणाचा विषय म्हणजे शिक्षक आणि मूल यांच्यातला वर्गातला व्यवहार. मुलाखती त्या व्यवहाराचा अर्थ लावण्यापुरत्या. वाचायला हे कोरडं वाटतं, पण पुढे काय मोजायचं आणि काय सोडून द्यायचं हे यावरच ठरलं.

आता ठिपक्यांकडे येते, कारण या अभ्यासाचा जीव तिथेच आहे.

पहिल्या सत्रात ती एका तुकडीत विज्ञान आणि भाषेच्या तासांना मागच्या बाकावर बसायची. दोन्ही विषय एकच बाई शिकवायच्या. वर्गात ४१ मुलं. सहावीतल्या तुकड्यांप्रमाणे पाहिलं तर जुन्या अ मधली १०, ब मधली ९, क मधली १०, ड मधली ९ आणि बाहेरून नव्यानं आलेली ३. बसण्याचा नकाशा काढून ती दर तासाला बाईंनी नाव घेऊन विचारलेला प्रश्न टिपायची. कुणाला विचारला, त्या मुलानं हात वर केला होता का, उत्तरानंतर बाईंनी काय केलं, एवढंच. त्यातून काय निघणार हे तिलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

एक दिवस बाईंना कार्यालयात बोलावणं आलं आणि त्यांची गुणांची वही टेबलावर उघडीच राहिली. वही गोळा करून द्यायला ती पुढे गेली तेव्हा तिला दिसलं, आठ नावांपुढे पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. तिनं त्या दिवशी ते लिहून ठेवलं नाही. परवानगी निरीक्षणाची होती, खासगी वही वाचण्याची नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं बाईंना सरळ विचारलं. बाई हसून म्हणाल्या, "काही नाही हो, माझ्या आठवणीसाठी." पण नावं टिपायला त्यांनी हरकत घेतली नाही.

तिनं माझ्याकडे येऊन उत्साहानं सांगितलं, "मॅडम, ड तुकडी वहीत जिवंत आहे!" तिचा अंदाज साहजिक होता. तुकड्या कागदावरून गेल्या, शिक्षकांच्या मनातून गेल्या नाहीत. प्रबंधाचं शीर्षकसुद्धा तिनं मनात ठरवलं असावं. मी म्हटलं, आठ नावं आधी जुन्या तुकड्यांशी ताडून बघ.

ताडली, आणि अंदाज आडवा झाला. ठिपकेवाल्या आठांत जुन्या ड मधलं एकच मूल होतं. क मधली पाच, ब मधलं एक आणि नव्यानं आलेल्यांतलं एक. नव्या मुलाला या शाळेत जुनी तुकडीच नव्हती. म्हणजे ठिपके जुन्या तुकडीची आठवण नव्हते. मग होते तरी काय?

केस स्टडीत खोल जाणं म्हणजे जास्त पानं भरणं, असा एक समज आहे. माझ्या मते खोल जाणं म्हणजे आपला पहिला अंदाज खोटा ठरण्याची संधी पुरावा स्वतः देईल इतकं जवळ बसणं. प्रश्नावलीत ही संधी फारशी येत नाही, कारण तिथे उत्तरांचे पर्याय आपणच छापलेले असतात.

तिनं नोंदी नव्यानं वाचायला घेतल्या. या वेळी प्रश्नावर लक्ष न ठेवता प्रश्नानंतर काय होतं त्यावर ठेवलं. एक मुद्दा संपवून बाई दुसऱ्याकडे वळतात तो क्षण तिनं प्रत्येक तासात शोधला. २४ तासांत असे ७३ क्षण सापडले, ज्यांच्या लगेच आधी बाईंनी कुणातरी मुलाला नाव घेऊन प्रश्न विचारला होता. त्या ७३ पैकी ५१ वेळा ते मूल ठिपकेवालं होतं. जुन्या ड मधली, ठिपका नसलेली आठ मुलं होती. त्यांच्या वाट्याला असे क्षण फक्त ३ आले. उरलेले १९ बाकी सगळ्या वर्गात वाटले गेले होते.

इथे मला एक शंका आली. ठिपके पाहिल्यावर तिच्या नोंदी आपोआप तिकडे झुकल्या असतील तर? माणूस जे शोधतो ते त्याला दिसायला लागतं. सुदैवानं २४ पैकी १५ तासांच्या नोंदी ठिपके दिसण्याच्या आधीच्या होत्या. त्या वेगळ्या मोजल्या तर ४४ पैकी ३१ क्षण ठिपकेवाल्यांचे निघाले. नंतरच्या ९ तासांत २९ पैकी २०. प्रमाण जवळजवळ तेच. नोंदींवर तारखा नसत्या तर ही शंका कधीच फिटली नसती. तारीख न टाकता फील्ड नोट्स लिहिणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

अर्थ मात्र आकड्यांतून आला नाही. तो आला ती लिहिलेला भाग घेऊन बाईंकडे गेली तेव्हा. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते दाखवण्याची पद्धत आहे. पुष्कळ वेळा तो सहीपुरता उपचार असतो. इथे बाईंनी वाचलं, थोड्या दुखावल्या, मग म्हणाल्या, "ही मुलं मठ्ठ आहेत म्हणून ठिपके नाहीत. पुढं जायचं की थांबायचं हे मला कशावरून कळणार? हुशारांना विचारलं तर सगळं कळलंय असंच वाटतं. यांना कळलं की वर्गाला कळलं समजायचं. महिनाअखेर घटक संपवायचाच असतो." तिनं विचारलं, "आणि यांच्या खालच्यांना?" बाई क्षणभर गप्प बसल्या. "त्यांच्यासाठी थांबले तर पुस्तक संपत नाही."

मला आठवतं, हे ऐकून मी कपाटातून जुनं टिपण काढलं. स्वीडनमध्ये शिक्षणाचे अभ्यासक उर्बान डालेफ यांनी १९७१ साली हीच गोष्ट मांडली होती. तुकड्या पाडल्या काय किंवा मिसळल्या काय, परीक्षेच्या गुणांत फारसा फरक दिसत नाही असं सांगणारे अभ्यास त्यांनी पुन्हा तपासले. त्यांचं म्हणणं असं की शिक्षक वर्गाची गती एका सुकाणू गटावरून ठरवतो. हा गट वर्गाच्या तळाच्या थोडा वर असतो, दहाव्या आणि पंचविसाव्या शतमकाच्या, म्हणजे शंभर मुलांत खालून दहाव्या आणि पंचविसाव्या जागेच्या, दरम्यान. या गटाला कळलं की वर्ग पुढे सरकतो. आमची आठ मुलं पहिल्या घटक चाचणीत खालून सहाव्या ते चौदाव्या क्रमांकात होती. डालेफ यांच्या पट्ट्याच्या किंचित वर, पण जागा तीच. बाईंनी हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं, आणि माझ्या विद्यार्थिनीनंही तोवर नाही. पुरावा आधी हाती आला आणि त्याला जुळणारी उपपत्ती नंतर सापडली, म्हणून माझा त्यावर विश्वास थोडा जास्त बसला.

नव्यानं आलेल्या तीन मुलांकडे पाहा. जुन्या तुकडीची आठवण हे कारण असतं, तर या मुलांबद्दल बाईंनी अंदाज बांधायला वेळ घेतला असता. एकाच्या नावापुढे ठिपका तिसऱ्या आठवड्यातच पडला होता, पहिल्या चाचणीच्याही आधी. "मोठ्यानं वाचायला लावलं की कळतं," बाई म्हणाल्या. म्हणजे वर्गवारी मागून चालत आलेली नव्हती, दरवर्षी नव्यानं घडत होती, आणि ती घडवणारं कारण वर्गाच्या रोजच्या वेगात होतं. तीन मुलांच्या उदाहरणानं एक अख्खा पर्यायी खुलासा बाद झाला. सर्वेक्षणात तीन मुलं म्हणजे गाळून टाकायची संख्या.

मुलांना हे कितपत कळत होतं? जुन्या ड मधल्या एकानं फार सहज सांगितलं, "आमच्याकडे बघून बाई पुढं जात नाहीत. ते तिघं आहेत ना तिकडं, त्यांच्याकडं बघून जातात." नावं विचारल्यावर त्यानं सांगितलेली तिन्ही नावं ठिपकेवाली निघाली. वही त्यानं कधीच पाहिली नव्हती.

आणि वर्ग शांत झाल्याचं काय? मुख्याध्यापिकांनी शिस्तीचं रजिस्टर दिलं. मिसळण्याआधीच्या वर्षी सहावीच्या ६१ नोंदी, मिसळल्यानंतर सातवीच्या २३. मुलं तीच. आकडा बोलका वाटतो, पण रजिस्टर कोण भरतं हे विचारल्यावर कळलं की तुकड्या मिसळल्या त्याच सुट्टीत पर्यवेक्षक बदलले होते. नव्या पर्यवेक्षकांनी सांगितलं होतं की पालकांना बोलवावं लागेल अशाच गोष्टी लिहायच्या. दोन्ही वर्षांतल्या फक्त तशा नोंदी मोजल्या तर १७ आणि १५. शांतता खरी असेलही, रजिस्टर मात्र तिचा पुरावा नाही. शाळेबाहेर बसून कुणी ते दोन आकडे मागवून घेतले असते, तर मिश्र तुकड्यांच्या यशाचा छान तक्ता झाला असता.

इथवर सगळं खोल जाण्याचं झालं. आता रुंदीचं, म्हणजे निष्कर्ष किती दूरवर लागू म्हणायचा याचं, जिथे तिचं आणि माझं बरंच वाजलं.

तिच्या शेवटच्या प्रकरणाचा पहिला खर्डा आला त्यात एक वाक्य होतं : "मिश्र तुकड्या केल्याने शाळांमधील वर्गवारी नष्ट होत नाही." मी "शाळांमधील" या शब्दाभोवती गोल काढला. किती शाळा पाहिल्या? एक. ती हिरमुसली, आणि दुसऱ्या खर्ड्यात थेट दुसऱ्या टोकाला गेली : "सदर निष्कर्ष फक्त या शाळेपुरते मर्यादित असून त्यांचे सामान्यीकरण करता येणार नाही." हे वाक्य तुम्ही शेकडो प्रबंधांत वाचलं असेल. मला ते पहिल्यापेक्षाही खटकतं. ते नम्र दिसतं, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच देत नाही. एवढंच सांगायचं होतं तर अभ्यास त्या शाळेला वाचून दाखवायचा आणि संपवायचा.

त्याहून मोठी गोम वेगळीच होती. "या शाळेपुरते" हे तरी खरं होतं का? ठिपके एका बाईंच्या वहीत होते. निरीक्षण चारपैकी दोन तुकड्यांत होतं. आठवीला शिकवणारे चौदा शिक्षक, त्यांतले पाहिलेले सहा. एका बाईंवरून "शाळेतील शिक्षक" म्हणायचं, हीदेखील एक उडीच. संशोधनपद्धतीचे अभ्यासक जोसेफ मॅक्सवेल यांनी १९९२ साली हा भेद नीट मांडला. केसच्या आतलं सामान्यीकरण निराळं आणि केसबाहेरचं निराळं. बाहेरच्या उडीबद्दल सगळे हटकतात. आतली उडी कुणाच्या ध्यानातच येत नाही, कारण शाळा एक म्हणजे सगळं एकच असं आपण धरून चालतो.

त्यामुळे ती दुसऱ्या सत्रात उरलेल्या पाच शिक्षकांच्या तासांना, त्याच नजरेनं, पुन्हा बसली. वहीत ठिपके कुणाचेच नव्हते, पण तीन जणांच्या तासांत वळणाच्या क्षणी ठरावीक सहा-सात नावंच पुन्हा पुन्हा येत होती. चौथ्याचं काही सांगता येईना, कारण ते नाव घेऊन प्रश्नच क्वचित विचारायचे. पाचव्या गणिताच्या बाई. त्यांच्याकडे चित्र उलटं होतं. त्या प्रत्येक मुलाला उत्तर कागदावर लिहून वर धरायला लावायच्या, सगळ्या वर्गावरून नजर फिरवायच्या आणि तळाच्या चार-पाच जणांचं चुकलं असेल तर थांबायच्या. दोन गोष्टी त्यांच्या बाजूनं होत्या. त्यांचे आठवड्यातले दोन तास जोडून होते, आणि आठवीची गणिताची प्रश्नपत्रिका त्याच काढायच्या. मागे पडलेला घटक पुढच्या चाचणीत ढकलणं त्यांच्या हातात होतं.

या बाई "अपवाद" म्हणून तळटीपेत जाणार होत्या. मी त्यांना मधोमध आणायला लावलं. मुलं तीच, शाळा तीच, मुख्याध्यापिका त्याच, आणि सुकाणू गट मात्र नाही. बदलली होती ती गतीवरची मालकी. एकाच शाळेच्या आत मिळालेली ही तुलना दहा शाळांच्या सरासरीत विरघळून गेली असती. अर्थात एकाच शिक्षिकेवरून कारण सिद्ध झालं असं नव्हे. त्या स्वभावानंच तशा असतील, गणित हा विषयच तसा असेल. या दोन्ही शंका प्रबंधात तिनं लिहिल्या आणि त्या सोडवता आलेल्या नाहीत हेही लिहिलं.

तिसऱ्या खर्ड्यातलं वाक्य लांब झालं, पण त्यात काय पेलतं ते दिसतं. "अभ्यासक्रमाची गती वर्गाबाहेर ठरत असेल आणि शिक्षकाला सगळा वर्ग एकाच वेगाने न्यावा लागत असेल, तर तुकड्या मिसळल्यावरही शिक्षक गती जोखण्यासाठी तळाच्या थोड्या वरचा गट धरतो आणि त्याखालच्या मुलांसाठी थांबणे कमी होते. या शाळेत पाहिलेल्या सहा शिक्षकांपैकी चौघांकडे असे दिसले. जिथे गती शिक्षकाच्या हाती होती तिथे दिसले नाही."

यात शाळांची संख्या नाही, टक्केवारी नाही. किती शाळांत असं घडतं, हे या अभ्यासाला माहीतच नाही. तळाच्या मुलांचं आधीपेक्षा बरं झालं की वाईट, हेही नाही. जुन्या ड तुकडीत निदान त्यांच्या वेगानं शिकवलं जात होतं का, याचा एकही कागद उरलेला नव्हता. सामान्यीकरण आहे, पण ते शाळांकडून शाळांकडे जात नाही. ते एका यंत्रणेबद्दल आहे, आणि ती कोणत्या अटींवर चालते ते सोबत सांगितलं आहे. दुसऱ्या शाळेतल्या माणसानं अटी पाहायच्या. आपल्याकडे गती कोण ठरवतं? वर्गात मुलं किती? एक शिक्षक वर्षभर तोच वर्ग घेतो का? संशोधनपद्धतीवर लिहिणाऱ्या लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये म्हटलं त्याप्रमाणे निष्कर्ष दुसरीकडे लागू पडतो की नाही हे दुसरीकडचा माणूसच ठरवणार. अभ्यासकानं त्याला ठरवता येईल इतकं वर्णन द्यायचं. आम्ही हे वाचून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की तिनं शाळेच्या इमारतीचं वर्णन दीड पान केलं होतं आणि घटक संपवण्याची तारीख कोण ठरवतं हे एका ओळीत उरकलं होतं. सखोल वर्णन म्हणजे सगळ्याचं वर्णन नव्हे. ज्या अटींवर दावा उभा आहे त्यांचं वर्णन. इमारत गेली.

एक शाळा आणि एक उपपत्ती यांचं नातं आधीही असंच फळलेलं आहे. इंग्लंडमध्ये डेव्हिड हारग्रीव्ह्ज यांनी मुलांची एक सेकंडरी मॉडर्न शाळा पाहिली, म्हणजे निवड परीक्षेत मागे पडलेल्यांची. अभ्यास १९६७ साली छापला. खालच्या तुकड्यांत शाळाविरोधी गट तयार होतो, असं त्यांना दिसलं. कुणी म्हणेल, आधीच नापास ठरवलेली मुलं, ती शाळेवर रागावणारच. १९७० साली कॉलिन लेसी यांचा एका ग्रामर शाळेचा अभ्यास आला, म्हणजे त्याच परीक्षेत निवडलेल्या मुलांचा. तिथेही तुकड्या पाडल्यानंतर तळाला तेच घडलं, जरी ही मुलं आपापल्या आधीच्या शाळांतली हुशार होती. १९८१ साली स्टीफन बॉल यांचा अभ्यास आला. त्यांनी एका कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेत, म्हणजे निवड परीक्षेविना सगळ्यांना घेणाऱ्या शाळेत, गुणवार गट आणि मग मिश्र वर्ग दोन्ही पाहिले. मिश्र वर्गांत मुलांची ती उघड फाटाफूट ओसरली, पण वर्गाच्या आत शिक्षकांची वर्गवारी चालूच राहिली. प्रत्येक वेळी एकच शाळा, पण प्रत्येक शाळा आधीच्या शाळेवर घेतलेल्या शंकेला उत्तर देणारी. तीन शाळांचा नमुना म्हणून पाहिलं तर हे हास्यास्पद आहे. युक्तिवाद म्हणून पाहिलं तर भक्कम.

म्हणूनच "ही शाळा का निवडली?" याला "ओळख होती" हे उत्तर खरं असलं तरी पुरत नव्हतं. ही शाळा कशाची केस आहे, हे सांगायला हवं होतं. तिला वाटत होतं, ही सर्वांत अनुकूल शाळा. मुख्याध्यापिका ठाम, शिक्षक राजी. इथेही वर्गवारी टिकली तर इतरत्र टिकणारच. केस स्टडीवर लिहिणारे बेंट फ्लुबियर्ग यांनी ज्याला निर्णायक केस म्हटलं त्या धर्तीचा हा युक्तिवाद, आणि बसला तर फार ताकदीचा. पण त्यासाठी शाळा खरोखर अनुकूल होती हे दाखवावं लागतं. सभेच्या इतिवृत्तात तीन शिक्षकांचा लेखी विरोध सापडला, आणि ठिपक्यांच्या बाई त्या तिघांतल्याच. युक्तिवाद सोडून द्यावा लागला. वाईट वाटलं, पण इतिवृत्त न वाचता तो छापला गेला असता तर जास्त वाईट वाटलं असतं.

एक अडचण शेवटपर्यंत सुटली नाही. शाळेचं नाव बदललं तरी शाळेच्या आत प्रत्येकाला कळणार की ठिपके कुणाचे. बाहेरच्यांपासून लपवणं सोपं, आतल्यांपासून अशक्य, आणि वर्णन जितकं सखोल तितकं जास्त अशक्य. विषय बदलून पाहिला तर भाषा-विज्ञान हे जोडपं गेल्यावर वाचताना अर्थच लागेना. शेवटी बाईंना सगळा भाग पुन्हा दाखवला, त्यांचं "माझ्या आठवणीसाठी" हे पहिलं उत्तर त्यांच्या सांगण्यावरून गाळलं आणि दुसरं ठेवलं. इथे मी ते पहिलंही लिहिलं आहे, त्यांना पुन्हा विचारून.

व्हायवात प्रश्न आलाच, अगदी तिसऱ्या मिनिटाला. बहिस्थ परीक्षक म्हणाले, "एका शाळेवरून तुम्ही काय सांगणार?" ती म्हणाली, "सर, किती शाळांत असं आहे ते मी सांगू शकत नाही. कुठल्या शाळेत हे दिसणार नाही ते सांगू शकते." मग तिनं गणिताच्या बाईंचं उदाहरण दिलं आणि पुढची शाळा कोणती असावी ते सांगितलं : तुकड्या मिसळलेल्या, पण घटक कधी संपवायचा हे प्रत्येक शिक्षक स्वतः ठरवतो अशी. तिथेही वळणाचे क्षण त्याच सहा-सात मुलांवर येत असतील, तर तिचं वाक्य चुकलं.

ती शाळा आता सापडली आहे. माझी दुसरी एक विद्यार्थिनी तिथे जायला लागून महिना झाला. ठिपके शोधायचे नाहीत, असं मी तिला बजावलं आहे. तारखा टाकून फक्त नोंदी करायच्या. पहिला प्रबंधही तिला अजून वाचायला दिलेला नाही.